गॅसचा रेग्युलेटर आणि नळी बदलण्याआधी: छाप कसा वाचायचा, झीज कशी ओळखायची

भाड्याच्या घरात राहायला गेलं, की शेगडी, रेग्युलेटर आणि नळी बहुतेक वेळा घराबरोबरच मिळतात. घरमालक म्हणतो, "सगळं चालू आहे," आणि ते खरंही असतं. पण नळी कधी घेतली, रेग्युलेटर मूळ कनेक्शनचाच आहे की मधल्या कुणी बाजारातून आणून बसवलेला, हे कुणालाच सांगता येत नाही. पहिल्यांदाच स्वतःचा संसार मांडणाऱ्यांसाठी, नोकरी-शिक्षणासाठी खोली घेतलेल्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे.

हे सगळं १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरपुरतं आहे. तुमच्याकडे पाइपने येणारा गॅस असेल तर त्याचा दाब, नळी आणि नियम वेगळे. तिथे काहीही बदलायचं झालं तर त्याच कंपनीचा माणूस बोलवा.

काय काय लागेल

- मोबाइल, म्हणजे फोटो काढायला, टॉर्चला आणि अॅपसाठी
- ओलं फडकं आणि थोडं भांडी घासायचं लिक्विड किंवा शाम्पू
- वाटीभर पाणी आणि जुना मऊ ब्रश
- गॅस कनेक्शनचा मूळ कागद, म्हणजे सबस्क्रिप्शन व्हाउचर. भाडेकरू असाल तर घरमालकाकडून त्याचा स्पष्ट फोटो मागवून घ्या.
- ग्राहक क्रमांक. तो गॅसच्या पुस्तकावर किंवा सिलिंडरच्या पावतीवर असतो.

घरात आत्ताच गॅसचा वास येत असेल तर तपासणी वगैरे काही करू नका. शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. गॅसगळतीसाठीचा हा नंबर देशभर चोवीस तास चालतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत, ओट्याखाली साचून राहतो, म्हणून वरची खिडकी उघडली की झालं असं समजू नका. दारही उघडं ठेवा.

१. आधी सगळं बंद करून नळी मोकळी करा

शेगडी गार असताना हे काम काढा. शेगडीची बटणं बंद, रेग्युलेटरचं बटण बंद, मग रेग्युलेटरची खालची कडी वर उचलून तो सिलिंडरवरून काढा. सिलिंडरच्या तोंडाला दोरीने बांधलेलं प्लॅस्टिकचं झाकण असतं, ते दाबून लगेच बसवा. हे झाकण फक्त धूळ जाऊ नये म्हणून नसतं. व्हॉल्व्ह गळत असेल तर तेच गॅस अडवतं. बऱ्याच घरांत ते पहिल्याच दिवशी तोडून टाकलेलं असतं. तसं असेल तर पुढचा सिलिंडर घेताना झाकण आहे ना, हे पाहूनच घ्या.

आता ओल्या फडक्याने नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसा. फोडणीचं तेल आणि धूळ मिळून जो चिकट थर बसतो, त्याखालीच तुम्हाला हवा असलेला मजकूर असतो. तारेच्या काथ्याने घासू नका, छपाई निघून जाईल.

२. नळीवर काय लिहिलंय ते वाचा

रंगावर जाऊ नका. सरकारी तेल कंपन्यांचे वितरक जी 'सुरक्षा' नावाची नळी देतात ती नारिंगी असते, आत पोलादी तारेचं जाळं असतं. ती लोकांच्या ओळखीची झाली, म्हणून बाजारात नुसत्या नारिंगी रंगाच्या नळ्याही भरपूर आल्या. नारिंगी रबर कुणीही बनवू शकतो. पाहायची ती छपाई.

नळीच्या अंगावर थोड्या थोड्या अंतराने एकच मजकूर पुन्हा पुन्हा छापलेला असतो. शेगडीकडच्या टोकाला तो उष्णतेने आणि तेलाने पुसट होतो, म्हणून मधल्या भागात शोधा. त्यात चार गोष्टी हव्यात. उत्पादकाचं नाव. आयएसआय चिन्ह आणि त्यासोबत `IS 9573`, कारण गॅसच्या रबरी नळीचं भारतीय मानक हे आहे. `CM/L` या अक्षरांनंतर येणारा परवाना क्रमांक. आणि नळी कधी बनली तो महिना व वर्ष. बहुतेक नळ्यांवर कधीपर्यंत वापरायची तेही दिलेलं असतं.

तारेच्या 'सुरक्षा' नळीचं आयुष्य पाच वर्षं धरतात. इथे एक घोळ नेहमी होतो: लोक खरेदीपासून पाच वर्षं मोजतात. नळीवरची तारीख बनल्याची असते, आणि रबर दुकानाच्या फळीवर पडून राहिलं तरी म्हातारं होतच असतं. दोन वर्षं दुकानात राहिलेली नळी तुम्ही पूर्ण पैसे देऊन घेतली, तर हातात तीनच वर्षं येतात. जुनी, बिनतारेची हिरवी किंवा काळी नळी दिसली तर तारीख शोधत बसू नका, ती बदलायचीच आहे. उंदराचा दात तिच्यातून सहज आरपार जातो.

छपाई कुठेच वाचता आली नाही, तर नळीचं वय कळायला मार्ग नाही. अशी नळी दिसायला कितीही धडधाकट असली तरी मी ठेवणार नाही.

३. नळी वाकवून पाहा

तारीख शिल्लक असलेली नळीही बाद होऊ शकते. नुसतं बघून ते कळत नाही, हाताने कळतं.

दोन्ही टोकांपासून चार बोटांचा भाग नीट तपासा, कारण नळी बहुधा तिथेच हार मानते. शेगडीच्या नोजलवर ती ताणून बसलेली असते, वरून बर्नरची धग लागते आणि शेगडी पुढे-मागे सरकवताना तिथेच पीळ पडतो. टॉर्च तिरका धरून नळी अंगठ्यावर हळूच वाकवा. चांगलं रबर वाकवल्यावर गुळगुळीत राहतं. संपलेल्या रबरावर बाहेरच्या बाजूला केसासारख्या बारीक रेघा उघडतात आणि नळी सरळ केली की त्या मिटून दिसेनाशा होतात. म्हणूनच जागच्या जागी पाहून नळी चांगली वाटते.

टोकाचा भाग लाकडासारखा कडक झालाय का, की उलट चिकट आणि मऊ पडलाय? कुठे फुगवटा आहे का? चमकदार काळपट डाग, म्हणजे गरम भांडं टेकल्याची खूण? रबर कुरतडून आतली तार दिसतेय का? नळी नोजलवर बोटाने फिरवली की सैल फिरते का? यातली एक गोष्ट सापडली तरी नळी बाद. टोक खराब आहे म्हणून तेवढं कापून उरलेली वापरायची, हा घरोघरचा उपाय करू नका. एक टोक तडकलं तेव्हा बाकीचं रबरही त्याच वयाचं असतं. चिकटपट्टी गुंडाळणं त्याहून वाईट, कारण त्याखालची भेग मग दिसतही नाही.

नळीवर कापडाचं किंवा प्लॅस्टिकचं कव्हर चढवलेलं असेल तर ते काढून टाका. नळी डोळ्यांसमोर उघडी असायला हवी.

४. रेग्युलेटर: काय वाचायचं आणि काय तपासायचं

रेग्युलेटरचं काम दाब उतरवण्याचं. सिलिंडरमधला दाब हवामानाप्रमाणे दर चौरस सेंटीमीटरला काही किलो असतो. रेग्युलेटर तो उतरवून ३० ग्रॅमच्या आसपास आणतो. घरगुती शेगडी आणि तिची नळी या कमी दाबासाठीच बनवलेली आहे. आत एक रबरी पडदा असतो, तो वर-खाली होऊन दाब सांभाळतो. पडद्याच्या वरच्या बाजूला हवा यावी-जावी म्हणून टोपीवर एक बारीक छिद्र असतं. ते बुजवायचं नसतं, रंगाने नाही आणि एम-सीलने तर मुळीच नाही.

रेग्युलेटरच्या अंगावर आयएसआय चिन्हासोबत `IS 9798` आणि `CM/L` क्रमांक पाहा. त्याशिवाय उत्पादकाचं नाव आणि रेग्युलेटरचा स्वतःचा क्रमांक असतो. या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा आणि तो व्हाउचरवरच्या क्रमांकाशी जुळवा. पुढे एजन्सीत गेल्यावर सगळं काम यावर ठरतं.

आता हातात घेऊन बघा. बटण दोन्ही टोकांना ठामपणे थांबतं का? कडी वर केली की सहज येते आणि सोडली की खाली बसते का? नळी बसते ती चोच वाकलेली किंवा चरे पडलेली आहे का? आपटून टोपीला चीर गेलीय का? सिलिंडरवर बसवल्यावर रेग्युलेटर गोल फिरतो, ते चालतं. पण कडी खाली असताना वर ओढून बघितला तर तो उचलला जाता कामा नये.

५. साबणाच्या पाण्याची परीक्षा

नळी तिसऱ्या पायरीवर बाद झाली असेल तर ती पुन्हा जोडून परीक्षा घेऊ नका. नवी नळी येईपर्यंत झाकण लावून थांबा. नळी ठीक असेल तर सगळं जोडा, शेगडीची बटणं बंद ठेवा आणि फक्त रेग्युलेटर चालू करा. वाटीतल्या पाण्यात लिक्विड मिसळून फेस करा आणि ब्रशने तो रेग्युलेटर-सिलिंडरच्या जोडावर, टोपीवरच्या छिद्रावर आणि नळीच्या दोन्ही टोकांवर लावा. काडी पेटवून कधीही बघायचं नाही.

बुडबुडे कुठे येतात यावरून दोषी कोण ते कळतं, आणि इथेच लोक चुकीची वस्तू विकत आणतात.

रेग्युलेटर आणि सिलिंडर जिथे जुळतात तिथे बुडबुडे आले, किंवा बसवताना सुस्स असा आवाज येत राहिला, तर रेग्युलेटर बहुधा निर्दोष असतो. सिलिंडरच्या तोंडात आत एक काळी रबरी गोल वायसर असते, ती कापलेली किंवा गायब असते. रेग्युलेटर काढून टॉर्चने आत बघा. ही वायसर सिलिंडर आणणाऱ्याकडे असते आणि ती बसवून देणं त्याचंच काम आहे. सिलिंडर ताब्यात घेतानाच त्याच्याकडून तपासून घ्या. फक्त याच कारणासाठी नवा रेग्युलेटर घेतलेली घरं मी पाहिली आहेत. पुढच्या सिलिंडरला वायसर चांगली आली आणि सगळ्यांना वाटलं, रेग्युलेटरचाच दोष होता.

टोपीवरच्या बारीक छिद्रातून बुडबुडे येतच राहिले, तर आतला पडदा फाटला आहे. हा रेग्युलेटर गेला. तो खोलून दुरुस्त करायचा नसतो, शेजारच्या मेकॅनिककडेही न्यायचा नसतो.

नळीच्या दोन टोकांपैकी एकावर बुडबुडे आले तर नळी पूर्ण आत सरकलेली नाही, किंवा टोक सैल पडलंय. एकदा नीट बसवून पुन्हा बघा. तरी आले तर नळी बदला.

बुडबुडे कुठेच आले नाहीत तर आणखी एक परीक्षा. एक बर्नर पेटवा आणि रेग्युलेटरचं बटण बंद करा. नळीत उरलेला गॅस जळून ज्योत काही सेकंदांत विझायला हवी. ती बारीक होऊन तेवतच राहिली, तर रेग्युलेटर पूर्ण बंद होत नाही. ज्योत एकाएकी उंच आणि आवाज करणारी झाली असेल तर तोही दाब नीट उतरत नसल्याचा इशारा आहे. नुसती पिवळी ज्योत मात्र बहुतेक वेळा बर्नरमधल्या घाणीची असते, आधी बर्नर साफ करा.

६. कुठून घ्यायचं

रेग्युलेटरसाठी आधी तुमच्या गॅस एजन्सीत जा, दुकानात नाही. कनेक्शन घेताना रेग्युलेटरसाठी अनामत भरलेली असते, म्हणजे तो कंपनीने तुम्हाला वापरायला दिलेला असतो. गळका रेग्युलेटर घेऊन गेलात आणि त्याचा क्रमांक व्हाउचरशी जुळला, तर तो विनामूल्य बदलून मिळतो. हरवला किंवा आपटून फुटला तर पैसे भरावे लागतात. क्रमांक जुळत नसेल तर मधल्या काळात कुणीतरी तो बदललाय, हे तुम्हाला तिथे समजेल. भाडेकरूंनी घरमालकाला आधी कळवावं, कारण कनेक्शन त्याच्या नावावर असतं.

बाजारात दाब कमी-जास्त करता येणारे रेग्युलेटरही मिळतात. ते हॉटेलच्या भट्टीसाठी असतात. "याने ज्योत मोठी येते" हे दुकानदाराचं म्हणणं खरं असतं, आणि तेच घरगुती शेगडीला धोक्याचं आहे.

नळीही एजन्सीतून घेतलेली बरी. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. सिलिंडर लांब ठेवायचाय म्हणून दोन नळ्या जोडू नका, भिंतीतल्या भोकातून किंवा कपाटाच्या मागून दिसणार नाही अशी नेऊ नका. रोलमधून मीटरवर कापून मिळणारी नळी टाळा, कारण त्या तुकड्यावर पूर्ण मजकूर असेलच असं नाही.

७. दुकानात उभं राहून परवाना क्रमांक तपासा

मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोचं `BIS CARE` अॅप घ्या. त्यात `Verify Licence Details` या ठिकाणी `CM/L` नंतरचा क्रमांक टाकायचा. उत्पादकाचं नाव, पत्ता, कुठल्या मानकासाठी परवाना आहे आणि तो चालू आहे की नाही, हे समोर येतं.

माझ्या भाचीचं उदाहरण सांगते. ती नाशिकला भाड्याच्या घरात गेली. नळी पुसल्यावर मधल्या भागात २०१८ साल सापडलं, शिवाय शेगडीकडचं टोक वाकवल्यावर रेघा उघडत होत्या. ती जवळच्या भांड्यांच्या दुकानात गेली आणि तिथून मला फोन केला. दुकानदाराने पहिली नळी दाखवली ती चकचकीत नारिंगी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत आयएसआय आणि खाली 'आयएसओ प्रमाणित'. मानकाचा क्रमांक नाही, परवाना क्रमांकही नाही. ती तिथेच बाजूला ठेवायला सांगितली. आयएसओचं प्रमाणपत्र कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळतं, त्यावरून ही नळी गॅससाठी तपासली गेली आहे असं ठरत नाही.

दुसऱ्या नळीवर `IS 9573` होतं आणि `CM/L` क्रमांकही होता. दुकानदार म्हणाला, "ताई, यात तर सगळं आहे." तिने क्रमांक अॅपमध्ये टाकला. परवाना निघाला, चालूही होता, पण नाव वेगळ्याच उत्पादकाचं आणि मानक वेगळ्याच वस्तूचं. म्हणजे कुणाचा तरी खरा क्रमांक उचलून नळीवर छापलेला. क्रमांक सापडला एवढ्यावर थांबली असती तर ती नळी घरी आली असती. म्हणून नाव, मानक आणि परवान्याची स्थिती, तिन्ही जुळवायचं. असं काही आढळलं तर त्याच अॅपमधून तक्रार करता येते. नळीच्या छपाईचा फोटो जोडा. खोट्या आयएसआय चिन्हासाठी भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा किमान दोन लाखांचा दंड आहे.

शेवटी तिने एजन्सीतून नळी घेतली. तिथेही तारीख पाहिली, तर काउंटरवरची नळी जवळजवळ वर्षापूर्वीची. मागितल्यावर आतून अलीकडची काढून दिली. मागायला संकोच करू नका.

अॅप उघडत नसेल, रेंज नसेल, तर छपाईचा फोटो काढा आणि बाहेर येऊन तपासा. बिल मात्र त्यानंतर. आणि बिलावर वस्तूचं नाव लिहून घ्या, नुसतं 'किरकोळ' नको.

८. बसवताना

नळी नोजलवर घट्ट जाते, जायलाच हवी. ती मऊ करायला टोक गॅसवर शेकू नका किंवा उकळत्या पाण्यात बुडवू नका, नव्या रबराचं टोक पहिल्याच दिवशी खराब होतं. साबणाच्या पाण्याचं बोट आतून फिरवा आणि पीळ न देता सरळ दाबत न्या, नोजलवरच्या सगळ्या कड्या झाकेपर्यंत. नळी शेगडीच्या खालून किंवा बर्नरजवळून जाणार नाही, कुठे मुडपणार नाही, असं पाहा. सिलिंडर उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवा. मग पाचव्या पायरीची परीक्षा पुन्हा एकदा, संपूर्ण.

नळीच्या छपाईचा फोटो, रेग्युलेटरच्या क्रमांकाचा फोटो आणि बिल एकाच जागी ठेवा, आणि मोबाइलच्या कॅलेंडरवर नळीची मुदत संपण्याच्या एक महिना आधीची आठवण लावा. जुना रेग्युलेटर एजन्सीत जमा करून पावती घ्या. जुनी नळी रद्दीत जशीच्या तशी देऊ नका, ती पुसून पुन्हा कुणाच्या तरी शेगडीला लागू शकते. तिचे तुकडे करूनच टाका.